शटर जड लागतं म्हणून स्प्रिंग पिळू नका

«शटर जड झालंय? मिस्त्रीला पैसे देऊ नका. शटर बंद करा, शाफ्टच्या क्लँपचे बोल्ट ढिले करा आणि पाईप पान्याने स्प्रिंगला तीन-चार पिळे जास्त द्या. पीळ जितका जास्त, तितकं शटर हलकं. चॅनेल जरा ऐसपैस बसवा, म्हणजे पाटी अडकत नाही. आणि चॅनेलमध्ये ग्रीस भरा.»

हा मेसेज माझ्या भाच्याने मला पाठवला. शेजाऱ्याकडून पाईप पाना मागून आणला होता, शिडी लावली होती, आणि वर चढण्याआधी विचारलं, "मामा, बरोबर आहे ना?" मी शटरची कामं बरीच वर्षं केली आहेत. फोनवर मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

आधी "शटर बंद करा" हे बघू. शटर वर गुंडाळलेलं असतं तेव्हा स्प्रिंगमध्ये पीळ सगळ्यात कमी असतो. शटर खाली येतं तसतशी वरच्या दांड्यावरची, म्हणजे शाफ्टवरची, पुली फिरते आणि स्प्रिंग आणखी आवळत जाते. म्हणजे बंद शटरच्या शाफ्टमध्ये सगळा जोर साठलेला असतो, आणि हा मेसेज नेमक्या त्याच वेळी बोल्ट ढिले करायला सांगतो.

भाच्याचं शटर ३ मीटर रुंद, २.७ मीटर उंच. पाटीचं, म्हणजे खाली-वर होणाऱ्या पत्र्याचं, वजन साधारण ८० किलो धरा. पुलीचा व्यास २० सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ६३ सेंटिमीटर पाटी उतरते. पूर्ण खाली यायला चारेक फेरे लागतात. वर असताना एक पीळ आधीच दिलेला असतो, म्हणून खाली आल्यावर पाच. पाच पिळ्यांत ८० किलो तोलले जातात, म्हणजे पिळ्यामागे १६. बंद शटरचा शाफ्ट सुटला तर पुलीच्या १० सेंटिमीटर त्रिज्येवरच्या ८० किलोंचा ५० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण १६ किलोचा जोर येतो. ऐकायला थोडा वाटतो, पण तो एकदा ढकलून थांबत नाही. पाना हातातून सुटला की शाफ्टबरोबर गरगरा फिरतो, आणि तुम्ही शिडीवर, तोंड त्याच्याच पातळीला.

बरं, पाना सुटला नाही असं समजू. तीन पिळे वाढले. बंद शटरवर आता आठ पिळे, म्हणजे १२८ किलोची ओढ. वजन ८० च. उरलेले ४८ किलो शटर वर खेचत राहणार. कुलूप काढलं की शटर उसळून वर जाईल, आणि रात्री बंद करायला दोघांनी लोंबकळावं लागेल. स्प्रिंगही लवकर तुटेल. हलकं म्हणतात ते हे नव्हे. बरोबर लागलेलं शटर निम्म्यावर सोडलं तर तिथेच थांबतं, ना पडतं ना चढतं.

एक गोष्ट मान्य करतो, मन मारून: स्प्रिंग थकते, आणि तेव्हा अर्धा-एक पीळ वाढवावा लागतो. पण तो शटर पूर्ण वर घेऊन, गुंडाळा दोरीने बांधून, दोन माणसांनी, एकेक पीळ देऊन आणि दर वेळी निम्म्यावर थांबतं का ते बघून.

आणि आधी स्प्रिंगच दोषी आहे का ते तरी बघा. स्प्रिंग थकली असेल तर शटर सगळीकडे जड लागतं आणि सोडलं की पडतं. चॅनेल, म्हणजे पाटी ज्यात सरकते ती बाजूची खाच, बिघडलं असेल तर शटर एकाच उंचीला अडतं, वर नेतानाही आणि खाली ओढतानाही. मी भाच्याला विचारलं, कुठे अडतं? म्हणाला, "खालच्या दीड फुटात, दोन्ही वेळा." मग स्प्रिंगचा काय संबंध!

गेल्यावर टेप लावला. दोन चॅनेलमधलं अंतर वर आणि मध्ये सारखं, खाली १० मिलिमीटर कमी. ओळंबा सोडला तर डावं चॅनेल खाली आत आलेलं. उंबऱ्याच्या फरशीच्या कामात कोणीतरी शेवटचा होल्डफास्ट, म्हणजे चॅनेल भिंतीला धरून ठेवणारा आधार, हलवून सिमेंटमध्ये तसाच पक्का केला होता.

"ऐसपैस" चॅनेलचं म्हणाल तर आयएस ६२४८ हे आपलं भारतीय मानक उलटंच सांगतं: पाटी मोकळी फिरेल इतकी जागा हवी, पण वाऱ्याने खडखडणार नाही इतकी बेताची. ३.५ मीटरपर्यंतच्या शटरला चॅनेलची खोली ६५ मिलिमीटर, प्रत्येक चॅनेलला किमान तीन आधार, आणि दोन आधारांत पाऊण मीटरपेक्षा जास्त अंतर नको. भाच्याच्या २.७ मीटरच्या चॅनेलला दोन्ही टोकांना वीतभर जागा सोडली तरी चारपेक्षा कमी आधार चालणार नाहीत. होते तीन. चॅनेल लांब सरकवून सैल केलं की पाटीचं टोक जेमतेम आत राहतं आणि कोणी धक्का दिला तर बाहेर निसटतं.

ग्रीस? धूळ चिकटते, महिन्याभरात काळा लगदा. फडक्याने पुसून थेंबभर तेल पुरे.

भाच्याकडे खालचा होल्डफास्ट फोडून काढला, चॅनेल ओळंब्यात घेतलं, चौथा आधार दिला, सिमेंट वाळेपर्यंत शटर दोन दिवस वर ठेवलं. दोन्ही रात्री तो दुकानात झोपला आणि त्याचा राग माझ्यावर काढला. स्प्रिंगला हात लावला नाही. आता शटर एका हाताने वर जातं.