चवीपुरतं

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी घरातली कर्तबगार माणसं गुढीची काठी आणतात. माझ्याकडे श्रीखंड येतं.

निघताना आईनं बजावलं, "नुसतं गोड असलं तर परत द्यायला लावीन. आणि डब्यासकट वजन करून घिऊ नको, मी सांगून ठेवतो." कोल्हापुरात बायका 'मी सांगतो' म्हणाल्या की तो हुकूम असतो. बायकोनं एक किलो पुरे म्हटलं, दहाजण, माणशी शंभर ग्रॅम. आईचा हिशेब माणशी पाव किलोचा, म्हणजे अडीच किलो. मधला दीड किलोचा दुष्काळ माझ्या बुद्धीवर सोडून दोघी पुरणयंत्र शोधायला लागल्या. ते कुणी लपवलंय यावर तिथंच नवीन वाद सुरू झाला.

मंगळवार पेठेतल्या डेअरीसमोर एवढी रांग, की मला वाटलं आत कुस्ती लागलीय. नंबर आल्यावर मी तोच प्रश्न विचारला जो जगात सगळे विचारतात, "ताजं आहे का?"

"सकाळीच केलंय, मालक."

या दुकानात सगळं सकाळीच केलेलं असतं. परवाचंसुद्धा.

त्यानं लाकडी चमच्याच्या टोकावर केशरी श्रीखंड दिलं. मी चाटलं, डोळे मिटले, जाणकारासारखी मान हलवली. खरं तर मला फक्त गार लागलं. मागं उभे असलेले एक आजोबा पुढं वाकले. "लगीच गिळू नको बाबा. जिभंवर ठेव, दम धर. गार हाय तवर साखर लपती." मी दम धरला आणि खरंच, फ्रिजची थंडी उतरल्यावर गोडवा असा वर आला की दाढ ठणकली. ताटात पुरीशेजारी दहा मिनिटं राहिल्यावर हेच होणार होतं. आंबटपणाचा मात्र पत्ता नव्हता.

"चक्का जास्त आंबट झाला की साखर वाढवून झाकत्यात," आजोबा म्हणाले. चक्क्याच्या बरोबरीनं साखर घालायची जुनी पद्धत आहेच. म्हणजे किलोभर घेतलं की त्यात अर्धा किलो साखरच, तीही चक्क्याच्या भावानं. त्याच्याही वर गेलं तर आपण साखरच केशरी रंगवून घरी नेतोय.

"चक्का कधी टांगला होता?" मी विचारलं. दुकानदारानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "काल रात्री. पण हे नव्हं, ते आतलं." आणि आतलं पातेलं बाहेर आलं! दोन शब्द बदलले की पातेलं बदलतं, हे आधी माहीत असतं तर निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं.

आतल्या श्रीखंडात चमच्यानं रेघ ओढली तर ती तशीच राहिली. बाहेरच्या पातेल्यात कडेला पाण्याची बारीक वळ दिसत होती. दही पुरतं निथळलेलं नसलं की साखर पडल्यावर उरलेलं पाणी सुटतं आणि श्रीखंडाची लस्सी व्हायला लागते. नव्या श्रीखंडात साखर किंचित करकरली, तर मी तोंड वाकडं केलं. आजोबांनी तेही निकालात काढलं. "करकर हाय म्हंजे आत्ताच घोटलंय. उद्यापतोर विरघळतंय. शेवटाला कडू लागलं तर मातूर सोड." कडू लागलं नाही. आधी आंबट, मग गोड. आईचा नियम पास.

आम्रखंडाला मी फार वेळ दिला नाही. मार्चमध्ये हापूस सोन्याच्या भावात, त्यामुळे आत डब्यातला रस असणार हे उघड आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रस स्वतःच गोड आणि ओला, म्हणून ते जरा सैल असतंच. फक्त झाकण उघडायच्या आधीच आंब्याचा वास आला, तर तो आंबा झाडाचा नव्हे, बाटलीचा.

वजनाची पाळी आली. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला सांगितला तेव्हा मागच्या रांगेनं मोठा सुस्कारा टाकला. डबा चाळीस ग्रॅमचा निघाला. चाळीस ग्रॅमसाठी वीस माणसांचा शाप घेतला.

"दहाजणांना किती?" म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "पुऱ्या, भाजी, भात सगळं असलं तर सव्वाशे ग्रॅम धरा." सव्वा किलो झालं. दोन मधुमेही वजा केले तर एक किलो. मी ते वजा न करता किलोभर श्रीखंड आणि अर्धा किलो आम्रखंड घेतलं, आणि घरी दोघींकडूनही बोलणी खाल्ली.

पंगतीत मधुमेही काका म्हणाले, "मला चवीपुरतं." ती चव त्यांनी पाच वेळा घेतली. मी स्वतः आदल्या दिवशी इतके चमचे चाटले होते की भातावर आलो.

श्रीखंड साफ झालं, आम्रखंड पाव किलो उरलं. दुसऱ्या दिवशी त्यावर पाणी सुटलेलं बघून मी डबा मोरीकडे नेत होतो. आईनं तो हातातून ओढला, त्यात ताक आणि जायफळ घातलं आणि पियुष करून टाकलं. तेवढ्यात दारात काका. म्हणाले, "चवीपुरतं द्या."