आकडे आम्ही लपवलेले नाहीत, शेठ

एक तारा. «दर महिन्याला पैसे घेतात आणि रिपोर्ट चुकीचा देतात. महाराष्ट्राच्या आकड्यावर डबल क्लिक केलं तर बिलांची यादी आली, त्यात संकेश्वरचं बिल. मी स्वतः दुरुस्त केलं तरी वरचा आकडा ढिम्म हलत नाही. आकडे हातानं टाइप करून ठेवलेत, सरळ फसवणूक. डबल क्लिक केलं की फाइल पण बिघडते, नवीन नवीन शीट येतात. मग ते बंद करून तरी द्यायचं. रात्री फोन केला तर उचलत नाहीत. निपाणी-बेळगावकडच्या व्यापाऱ्यांनी सावध राहावं.»

शेठ, नमस्कार. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफ करा. रिटर्नच्या आदल्या रात्री आकडा जुळला नाही की काय होतं ते आम्हाला माहीत आहे. फोन रात्री पावणेअकराला आला होता आणि तारीख दहा होती. अकरा तारखेला जीएसटीआर-१ ची मुदत संपते, त्यामुळे त्या रात्री सगळ्यांचेच फोन येत असतात. सकाळी उलट फोन लावला तेव्हा तुमच्याकडून उचलला गेला नाही, तेही लिहायला हवं होतं. पण ते राहू दे. «फसवणूक» हा शब्द मात्र मी तसाच सोडू शकत नाही. हा रिव्ह्यू वाचून एका जुन्या गिऱ्हाइकानं कालच मला विचारलं, «काय हो, खरंच टाइप करून देता काय?»

म्हणून आम्ही देतो त्या एक्सेलच्या विक्री रिपोर्टबद्दल सविस्तर लिहितो. तुमच्या दुकानाचे खरे आकडे चारचौघांत मांडणार नाही. हिशोब तोच ठेवून रकमा बदलल्या आहेत.

रिपोर्टमध्ये ऑगस्टचा महाराष्ट्राचा आकडा समजा ४,१२,६०० आणि कर्नाटकाचा ९,८६,२५०. बेरीज १३,९८,८५०. तुम्ही ४,१२,६०० वर डबल क्लिक केलं आणि डावीकडे नवं शीट उघडलं. त्या आकड्यात धरलेली प्रत्येक ओळ तिथं आली, तीही सगळ्या कॉलमसकट: बिल नंबर, तारीख, गाव, जीएसटी नंबर, माल, रक्कम. वरच्या रिपोर्टमध्ये तर फक्त राज्य आणि महिना आहे. आकडे हातानं टाइप केलेले असते तर ही यादी कुठून आली असती? साध्या टाइप केलेल्या आकड्यावर डबल क्लिक केलं तर सेलमध्ये कर्सर लुकलुकतो, बाकी काही होत नाही. बिलांची यादी उघडते हाच आकडा बिलांमधून आल्याचा पुरावा आहे, आणि नेमका तोच तुम्ही आमच्याविरुद्ध लावलात.

आता दुरुस्तीचं. यादीत संकेश्वरचं बिल दिसलं. संकेश्वर हुक्केरी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात, आणि राज्याच्या कॉलममध्ये महाराष्ट्र लिहिलेलं. तुम्ही त्याच नव्या शीटवर महाराष्ट्र खोडून कर्नाटक केलंत आणि परत रिपोर्टवर येऊन बघितलंत. आकडा हलला नाही, आणि तो हलणारही नव्हता. डबल क्लिकनं जे शीट उघडतं ती त्या ओळींची नक्कल असते. बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्सवर पेनानं रक्कम बदलली म्हणून खात्यात फरक पडत नाही, तसंच. नक्कल आहे की मूळ हे ओळखायची एक साधी खूण आहे. «बिले» या मूळ शीटवर कराच्या सेलवर क्लिक केलं तर वरच्या फॉर्म्युला पट्टीत `=H2*18%` असं काहीतरी दिसतं. डबल क्लिकनं आलेल्या शीटवर त्याच जागी नुसता आकडा असतो, फॉर्म्युला नाही. तिथं रक्कम बदलली तर त्याच ओळीतला करसुद्धा बदलत नाही, मग वरचा रिपोर्ट कुठून बदलणार?

फाइल तुम्ही दुसऱ्या दिवशी पाठवलीत तेव्हा दिसलं की तुम्ही नंतर «बिले» शीटवर जाऊनही दुरुस्ती केली होती. बरोबर जागी केली होती, त्याबद्दल खरंच बरं वाटलं. पण पुन्हा डबल क्लिक केलं तर यादी जुनीच आली, आणि तिथं तुमचा धीर सुटला असं मला वाटतं. गोष्ट अशी आहे की हा रिपोर्ट म्हणजे पिव्होट टेबल, बिलांच्या ओळींची बेरीज मांडणारा एक्सेलचा तक्ता, आणि तो दर वेळी «बिले» शीट वाचत नाही. बनवताना तो सगळ्या ओळींची स्वतःची एक प्रत फाइलच्या पोटात घेऊन ठेवतो. आकडा त्या प्रतीतून येतो आणि डबल क्लिकची यादीही त्याच प्रतीतून येते. मूळ शीट बदललं तरी ती प्रत जुनीच राहते, तुम्ही तिला नवीन करायला सांगेपर्यंत. रिपोर्टच्या कुठल्याही आकड्यावर राइट क्लिक करून Refresh दाबायचं, किंवा रिपोर्टमध्ये उभं राहून Alt+F5. हे न करता कितीदाही डबल क्लिक करा, जुनी यादीच येणार. मूळ शीटवर कर्नाटक आणि डबल क्लिकच्या यादीत महाराष्ट्र असं दिसलं की Refresh राहिलंय हे समजायचं.

आम्ही Refresh केलं तेव्हा महाराष्ट्र ३,९१,६०० वर आला. तुमच्या हिशोबानं तो ३,७४,१०० यायला हवा होता, कारण बिल ३८,५०० चं. मग मधले १७,५०० कुठं राहिले? ते बिल «बिले» शीटवर एका ओळीत नाही, तीन ओळींत आहे. पाइप २१,०००, फिटिंग १२,५००, पाण्याची टाकी ५,०००. प्रत्येक मालाला वेगळी ओळ असते, कारण मालाप्रमाणे विक्री तुम्हालाच हवी होती. तुम्ही पाइपच्या ओळीतलं राज्य बदललंत आणि खालच्या दोन तशाच राहिल्या. त्या बदलून पुन्हा Refresh केल्यावर महाराष्ट्र ३,७४,१०० आणि कर्नाटक १०,२४,७५० झाला. बेरीज आधी होती तीच, १३,९८,८५०. अशा दुरुस्तीत खालची बेरीज हलता कामा नये. माल इकडून तिकडं गेला, कमी-जास्त झाला नाही. बेरीज बदलली तर दुसरीकडं कुठं तरी चुकून बोट लागलंय असं समजून आधी ते शोधावं.

ते «महाराष्ट्र» लिहिलं कुणी? शेठ, हे लिहायला नको वाटत होतं, पण तुम्ही जाहीर लिहिलंत. राज्याचा कॉलम तुमच्या काउंटरवरून भरून येतो, आम्ही तो बदलत नाही. त्या गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो आणि २९ म्हणजे कर्नाटक. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. आपल्या भागात हे होणारच. संकेश्वर इकडं, गडहिंग्लज तिकडं, मध्ये थोडासा रस्ता, आणि दोन्हीकडची माणसं एकाच काउंटरवर मराठीतच बोलतात. पोरानं गावाच्या नावावरून अंदाजानं टाकलं असेल. पण ३८,५०० च्या मालावर १८ टक्क्यांनी ६,९३० कर होतो. महाराष्ट्राचं गिऱ्हाईक असेल तर तो सगळा आयजीएसटी, कर्नाटकाचं असेल तर ३,४६५ केंद्राचा आणि ३,४६५ राज्याचा. म्हणून तर डबल क्लिकची सोय आम्ही चालू ठेवून देतो. यादी उघडायची, जीएसटी नंबराच्या पहिल्या दोन अंकांवरून नजर फिरवायची, महाराष्ट्राच्या यादीत २९ दिसला की पकडलं. तुम्हाला चूक सापडली ती याच सोयीमुळं, आणि एक तारा मिळाला तोही याच सोयीला.

बंद करून द्या म्हणालात. होतं की. PivotTable Options मध्ये Data या भागात Enable show details ची खूण काढली की डबल क्लिकनं यादी येत नाही. मग पुढच्या वेळी संकेश्वर शोधणार कसं? आणि ते काही कुलूप नव्हे. ज्याला माहीत आहे तो तिथंच जाऊन खूण परत लावतो. त्यावरून आठवलं म्हणून सांगतो, रागावू नका: हा रिपोर्ट तुम्ही पाइप कंपनीच्या माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवता, असं बोलण्यात आलं होतं. «बिले» शीट काढून टाकून पाठवलं तरी ती पोटातली प्रत फाइलबरोबर जाते. त्यानं शेवटच्या बेरजेवर डबल क्लिक केलं की तुमची सगळी गिऱ्हाइकं, त्यांचे दर, सगळं त्याच्यासमोर उघडतं. बाहेर द्यायचं असेल तर रिपोर्ट निवडून कॉपी करा, नव्या फाइलमध्ये Paste Special मधून Values म्हणून चिकटवा आणि ती नवी फाइल पाठवा.

«फाइल बिघडते» म्हणालात त्यातही दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. आकड्यावर डबल क्लिक केलं की दर वेळी नवं शीट येतं, मागचं असलं तरी. त्यानं बिघडत काहीच नाही. पण राज्याच्या नावावर डबल क्लिक झालं तर कुठला कॉलम दाखवू असं विचारणारी चौकट येते. तुम्ही तिथं बिल नंबर निवडून OK दाबलंत म्हणून रिपोर्ट हातभर लांब झाला. उजवीकडच्या यादीतून बिल नंबर बाहेर ओढला की पूर्ववत होतो. क्लिक आकड्यावर करायचं, नावावर नाही, एवढंच.

आणखी एक. वर मालाचं फिल्टर «पाइप» वर असेल तर डबल क्लिकच्या यादीत पाइपच्याच ओळी येतात. बाकीची बिलं गायब केली असं कुणी म्हणण्याआधी ते फिल्टर बघावं.

इथून पुढं फाइल उघडल्याबरोबर आपोआप Refresh होईल अशी खूण लावून देऊ (Refresh data when opening the file). फाइल उघडी असताना केलेल्या दुरुस्तीला मात्र Alt+F5 तुम्हालाच दाबावं लागेल. राज्य आणि जीएसटी नंबर जुळत नसेल तर ओळ लाल दिसावी असंही काही करता येतं का ते बघतो. रात्रीच्या फोनचंही काहीतरी करू.

पैसे परत हवे असतील तर ऑफिसला या, मी वाद घालणार नाही. गिऱ्हाईक आमच्यापेक्षा जास्त दिवस टिकलेलं आहे याची जाण आहे. तोवर फाइलमध्ये डबल क्लिकनं साचलेली नवी शीटं खुशाल डिलीट करा, रिपोर्टला धक्का लागत नाही. «बिले» नावाच्या शीटला तेवढं हात लावू नका.