नंबर सिमवर ठेवले की सुरक्षित, हे खरं नाही

«सगळे नंबर सिमवरच सेव्ह करा. फोन हरवला तरी नंबर राहतात. गुगलवर ठेवले तर चोरीला जातात. एकच नाव दोनदा दिसलं तर एक डिलीट करा.»

फोन हरवतो तेव्हा सिम त्याच्या आतच असतं. कंपनी त्याच नंबरचं नवं सिम देते, पण ते कोरं असतं, कारण जुन्या सिमवरची यादी कंपनीकडे नसते. बटणाच्या फोनच्या काळात सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सोय होती, तिथूनच हा सल्ला आला असावा. आजही तसा फोन वापरणाऱ्या आजीसाठी तो ठीक आहे. पण सिमवर साधारण 250 नोंदीच मावतात, लांब नाव मध्येच तुटतं आणि फोटो, पत्ता राहत नाही. आयफोन तर सिमवर नंबर लिहीतच नाही.

चोरीची भीती रास्त आहे, पण सिम हा त्यावर उपाय नाही. संपर्क पाहायची परवानगी मिळालेलं अ‍ॅप बहुतेक अँड्रॉइड फोनवर सिमवरचे नंबरही वाचू शकतं. त्यामुळे परवानग्या तपासा आणि गुगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. नंबर फक्त फोनच्या मेमरीत ठेवले, तर फॅक्टरी रीसेट केल्यावर तेही जातात.

सगळ्यात जास्त नुकसान शेवटच्या सल्ल्याने होतं. समजा, सिमवर «Sunil Plumb» या तुटक्या नावाने प्लंबरचा जुना नंबर आहे आणि गुगलवर «सुनील प्लंबर» नावाने नवा. दिसायला नोंद दुहेरी, पण नंबर वेगळे. एक उडवली की एक नंबर गेला. शिवाय फोनने दोन्ही नोंदी जोडून एकच दाखवल्या असतील, तर डिलीट केल्यावर दोन्ही जाऊ शकतात.

म्हणून आधी गुगलच्या कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमधून सगळ्या नोंदींची `.vcf` फाइल काढून ठेवा. मग `Organise` मध्ये जाऊन `Import from SIM` करा आणि गुगल खातं निवडा. यात नक्कल होते, सिमवरची मूळ नोंद तशीच राहते. यादी एकदम दुप्पट दिसते ती त्यामुळे. सगळं खात्यात आल्याची खात्री झाल्यावरच सिमवरच्या नोंदी काढा. पुढे नवे नंबर आपोआप खात्यातच जावेत म्हणून सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट खातं गुगल करा.

आता दुहेरी नोंदी एकत्र करणारं `Merge & fix`. इथे `Merge all` दाबू नका. आई-बाबांनी एकच नंबर वापरला असेल, तर दोघांची एक नोंद व्हायची सूचनाही येऊ शकते, म्हणून एकेक पाहून मंजूर करा. चुकलंच तर contacts.google.com वर `Undo changes` ने गेल्या 30 दिवसांतल्या हव्या त्या क्षणी यादी मागे नेता येते. मात्र तेव्हा पूर्ण यादी मागे जाते, त्यानंतर जोडलेले नवे नंबरही त्यात जातात. ते आधी वेगळे टिपून घ्या.