डायबेटीसची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस पिऊन बडबडत असेल तर "उतरेल सकाळपर्यंत" म्हणून झोपू देऊ नका. आधी बोटातून शुगर बघा.

मामाला विचारूनच लिहितेय हे. तो म्हणाला लिही, पण माझं नाव नको, त्यामुळे नाव नाही.

मी फार्मासिस्ट आहे, सिंहगड रोडच्या बाजूला काउंटरवर पंधरा वर्षं झाली. रोज डायबेटीसच्या गोळ्यांची किती पाकिटं माझ्या हातून जातात त्याची मोजदाद नाही. आणि प्रत्येकाला आपण एकच वाक्य सांगतो, डॉक्टर पण सांगतात आणि आम्ही पण, "दारू घेऊ नका". समोरचा मान हलवतो, पैसे देतो, जातो. विषय संपला. आणि मग तो शनिवारी बसतोच, फक्त आता आपल्याला सांगत नाही. माझ्या घरात नेमकं हेच झालं म्हणून मला आज बोलायचंय.

गटारी रविवारी आली होती आणि दुसऱ्या दिवशी पहिला श्रावणी सोमवार, म्हणजे महिनाभराचं एकाच रात्रीत उरकायचं असा मूड. मामा ६२ वर्षांचा, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन अशी एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. साडेसात-आठला शहाण्यासारखी गोळी घेतली कारण जेवायला बसायचंच होतं, आणि मग धायरीत मित्राच्या गच्चीवर गेला. तिथे जेवण आलं अकराला. तोपर्यंत तीन लार्ज, चखणा म्हणून शेंगदाणे आणि फरसाण, कुणीतरी एका पेगमध्ये कोल्ड्रिंक घातलेलं. जेवताना मटणाचे चार तुकडे आणि रस्सा, भाकरी नाही भात नाही, का तर "शुगर वाढते". घरी येऊन साडेअकराला मशीनवर चेक केलं, १६२ आली, मामा खूश, झोपला.

साडेचारला मामी जागी झाली. बाहेर पाऊस, पंखा चालू, आणि मामाचा बनियन पिळून काढावा इतका ओला. काहीतरी पुटपुटत होता, तिने हात लावला तर हात झटकला, तोंडाला वास. मामी वैतागली आणि कूस बदलून झोपली. मी तिला अजिबात दोष देत नाहीये, मी असते तर मी पण तेच केलं असतं. जीभ जड, तोल नाही, उगाच चिडचिड, विचारलं तर भलतंच उत्तर, हे सगळं दारू चढल्यावर होतं आणि शुगर खाली गेल्यावर पण अगदी हेच होतं. बाहेरून बघून फरक करता येत नाही, शुगर मशीनची एक पट्टी मात्र मिनिटाच्या आत सांगते.

पाचला मामा हाकेला ओ देईना तेव्हा तिने मला फोन केला. मी म्हटलं मामी आधी मशीन घे. ३४.

ती साखरेचं पाणी घेऊन आली होती, मी ओरडले की तोंडात काही ओतू नकोस. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं की ते फुफ्फुसात जातं. त्याला कुशीवर वळव, १०८ लाव आणि शेजारच्यांना उठव. शेवटी शेजारच्यांच्या गाडीतूनच नेला, शिरेतून ग्लुकोज दिलं आणि काही मिनिटांत मामाने डोळे उघडून विचारलं मी इथे कसा.

आता १६२ वरून साडेपाच तासांत ३४ कशी झाली ते सांगते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं.

आपण रात्री झोपतो तेव्हा सात-आठ तास पोटात काही जात नाही, तरी शुगर पडत नाही, कारण लिव्हर रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं. त्याच्याकडे एक साठा असतो आणि एक कारखाना असतो. साठा म्हणजे आपण खाल्लेल्या भाकरी-भातातून शिल्लक ठेवलेली साखर, आणि साठा कमी पडला की कारखान्यात नवीन साखर बनते. दारू आली की लिव्हर आधी ती मोडायला घेतं आणि त्या कामात हा नवीन साखरेचा कारखाना जवळजवळ बंद पडतो. मामाने भाकरी खाल्लीच नाही, म्हणजे साठाही नीट भरला नाही. आणि दुसऱ्या बाजूला ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि शुगर खाली गेली म्हणून ती थांबत नाही, तिचा असर जवळजवळ दिवसभर राहतो. म्हणजे साखर खर्च करणारा चालू आणि साखर पुरवणारा बंद.

वेळेचा हिशोब पण बघा. ६० मिलीच्या एका लार्ज व्हिस्कीत साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. तीन लार्ज म्हणजे ६०. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मोडतं. म्हणजे सहा ते साडेआठ तास. साडेआठला बसलेला माणूस पहाटे तीन-चारपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, दारूच मोडत असतो. म्हणून हे गच्चीवर मित्रांसमोर होत नाही, अंथरुणात होतं जिथे बघायला कुणी जागं नसतं. आणि दारू संपली म्हणजे धोका संपला असंही नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुद्धा शुगर पडू शकते. मामा उठून गोळी घेऊन सोमवारचा उपवास धरणार होता, त्याचा मी विचार पण करू शकत नाही.

आणि ती १६२? ती कोल्ड्रिंकची आणि फरसाणाची होती, तास-दीड तासाची पाहुणी. झोपतानाचा आकडा चांगला आला म्हणजे रात्र चांगली जाईल असं दारूच्या रात्री धरूच नका. इन्सुलिनवाल्यांचं तर यात अजून वाईट होतं. रात्री बाराला २४० दिसली की घाबरून चार-सहा युनिट जास्त मारतात. जेवणाआधी ३०/७० हे मिक्स इन्सुलिन घेणाऱ्यांचा त्यातला हळू काम करणारा दुधाळ भाग मध्यरात्रीनंतर जोरात असतो, त्यात हे जास्तीचं इन्सुलिन आणि त्यात बंद कारखाना. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत चार तास नाचून आलेला असेल तर स्नायू पण साखर ओढत असतात. दारूच्या रात्री झोपताना वाढीव इन्सुलिन घ्यायचं नाही, हे मी हात जोडून सांगते.

एक गैरसमज मला फार छळतो. काउंटरवर किमान दहा लोकांनी मला सांगितलंय, "मॅडम दारू कडू असते, घेतली की सकाळची उपाशीपोटीची शुगर कमी येते, मी बघितलंय." बघितलंय ते खरंच आहे हो! पण ती डायबेटीस सुधारल्याची खूण नाही, रात्रभर लिव्हर साखर देत नव्हतं त्याची खूण आहे. सकाळी ७५ आली म्हणजे तीन वाजता किती असेल?

हॉस्पिटलमधला पुढचा भाग पण सांगते कारण तिथे बहुतेक कुटुंबं चुकतात. सातला मामा बोलत होता, चहा मागत होता, मामी म्हणाली चला घरी. डॉक्टरांनी सोडलं नाही आणि त्यांचे उपकार आहेत. साडेदहाला, नाश्ता करून, सलाईन चालू असताना परत ५८. कारण आपण साखर दिली पण गोळी अजून शरीरातच होती ना. शिवाय रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं, किडनी मंद असेल तर ही गोळी अजून जास्त वेळ रेंगाळते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यातली गोळी घेऊन बेशुद्ध झालेला माणूस शुद्धीवर आला तरी निदान एक दिवस देखरेखीत ठेवावा लागतो. मामाला मंगळवारी सोडलं.

मला राग आहे तो याचा की चार वर्षं ही गोळी घेणाऱ्या मामाला आपल्या गोळीत काय आहे हेच माहीत नव्हतं. तो सांगायचा "मी मेटफॉर्मिनवर आहे". नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा इतकी खाली जात नाही. पण आपल्याकडे बहुतेक गोळ्या दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या, आणि स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं ग्लिमेपिराइड कोण वाचतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी कधी विचारलं नाही की तुम्ही बसता का, आणि गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या, मी भाची असून मी पण नाही विचारलं. ते मला आजही लागतं.

न पिणं सगळ्यात बरं यात वाद नाही. पण जो बसणारच आहे त्याला मी आता हे सांगते: रिकाम्या पोटी नको, भाकरी किंवा भात त्या रात्री सोडायचा नाही, आणि जेवणाची वेळ नक्की नसेल तर गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं हे आपल्या डॉक्टरांना आधीच, दारूचं नाव घेऊन, विचारून ठेवायचं. झोपताना शुगर बघायची, आकडा बरा असला तरी थोडं खाऊन झोपायचं, १०० च्या खाली असेल तर नक्कीच. घरातल्या एकाला सांगून ठेवायचं आणि तीनचा अलार्म लावायचा. घाम, बडबड, न उठणं, काहीही दिसलं की पट्टी. ७० च्या खाली आणि माणूस नीट गिळू शकतोय तर तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत चेक, कमीच असेल तर परत, आणि मग पोळी-बिस्कीट काहीतरी. पावडरच का सांगते, तर काही गोळ्यांत व्होग्लिबोज असतं आणि ते असेल तर साधी साखर पचून रक्तात यायला उशीर लागतो. चॉकलेट, पेढा तर अजून हळू. आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर छातीची धडधड आणि थरथर कळत नाही, घाम मात्र लपत नाही, म्हणून ओल्या बनियनकडे लक्ष द्या.

टाइप १ ची मुलं शुगर पडल्यावर द्यायच्या ग्लुकागॉन इंजेक्शनच्या भरवशावर असतात, त्यांच्यासाठी एकच. ग्लुकागॉन लिव्हरमधला साठाच बाहेर काढतं. दारूच्या रात्री साठा रिकामा असेल तर ते इंजेक्शन हवं तसं काम करेलच असं नाही. दिलं तरी १०८ ला फोन लावायचाच.

आता मी गोळी देताना स्ट्रिप उलटी करून ग्लिमेपिराइडवर पेनाने गोल करते आणि हळू आवाजात विचारते, काका, कधी बसता का? परवा एक काका बराच वेळ गप्प राहिले, मागे रांग होती, मग म्हणाले, "शनिवारी. बायको नाही आता, मी एकटाच असतो." त्यांना मी नुसती ग्लुकोज पावडर देऊन पाठवू शकले नाही. त्यांचा मुलगा बाणेरला राहतो, काउंटरवरूनच त्याला फोन लावायला लावला, आणि त्यांनी माझ्यासमोर त्याला सांगितलं की रविवारी सकाळी सातला फोन कर आणि मी उचलला नाही तर ये.