कुलूप ओळीला नसतं, जागेला असतं

> "शेअर केलेल्या गुगल शीटमध्ये प्रत्येक ब्रँच मॅनेजरला फक्त स्वतःच्या ओळी बदलू द्यायच्यात? सोपं आहे! १) आधी पूर्ण शीट Only you करून लॉक करा, मग प्रत्येकाच्या ओळींवर त्याचा ईमेल टाका. २) लॉक ओळीलाच चिकटतं, नंतर बिनधास्त सॉर्ट करा. ३) एका ब्रँचचे आकडे दुसरीच्या हाती लागत नाहीत, डेटा शंभर टक्के सुरक्षित. ४) ओळी वाढल्या तरी लॉक आपोआप वाढतं."

हा फॉरवर्ड तीन वेगवेगळ्या ग्रुपवर येऊन गेला तेव्हा मी गप्प बसलो. चौथ्यांदा तो धाकट्या बहिणीकडून आला, खाली एक ओळ जोडून: "दादा, यातलं दोन नंबरचं केलं आणि सगळं उलटंपालटं झालंय, बघतोस का?" म्हणून आधी दोन नंबरचाच समाचार घेतो.

तिच्या शीटमध्ये चार ब्रँच आहेत आणि प्रत्येकीला दहा ओळी. पूर्व २ ते ११, पश्चिम १२ ते २१, उत्तर २२ ते ३१, दक्षिण ३२ ते ४१. A कॉलममध्ये ब्रँचचं नाव, B मध्ये खातं, C मध्ये उद्दिष्ट, D मध्ये येणं बाकी, E मध्ये फरकाचा फॉर्म्युला. मॅनेजरने भरायचे ते फक्त C आणि D. म्हणजे पूर्वच्या मॅनेजरचं लॉक `C2:D11` वर. प्रत्येक ब्रँचच्या आठ ओळी भरलेल्या होत्या, दोन पुढच्यासाठी मोकळ्या.

महिनाअखेरीला तिने सर्वात मोठी बाकी वर यावी म्हणून D कॉलमवर Z to A सॉर्ट मारलं. ओळी हलल्या. लॉक मात्र `C2:D11` वरच राहिलं, कारण शीटला "पूर्वच्या ओळी" वगैरे काही कळत नाही, तिला फक्त पत्ता कळतो. त्या पत्त्यावर आता चारही ब्रँचची मिसळ राहायला आली होती. बाकी रिकामी असलेल्या आठ ओळी सॉर्टमध्ये तळाला गेल्या, ३४ ते ४१. त्यामुळे दक्षिणच्या मॅनेजरच्या वाट्याला दोन भरलेल्या ओळी आल्या, त्याही कुणाच्या तरी, आणि आठ कोऱ्या.

पुढची गंमत अशी, की उत्तरच्या मॅनेजरला स्वतःची ओळ पाचव्या क्रमांकावर सापडली. त्याने आकडा टाकला तर शीटने अडवलं, की हा सेल प्रोटेक्टेड आहे, मालकाशी बोला. त्याने निदान फोन तरी केला. पूर्वच्या मॅनेजरला मात्र कसलीच अडचण आली नाही. सवयीप्रमाणे त्याने तिसऱ्या ओळीत आकडा भरला. ती आता पश्चिमची ओळ होती आणि ती बदलायचा त्याला पूर्ण अधिकार होता! ना इशारा, ना लाल खूण. अडवलेला माणूस तक्रार तरी करतो, न अडवलेल्याची चूक महिनाभर तशीच बसून राहते.

आणि हा उद्योग फक्त मालकच करू शकतो, हे या सल्ल्याचं खास वैशिष्ट्य. सॉर्टमध्ये दुसऱ्याचे लॉक केलेले सेल येत असतील तर मॅनेजरला शीट सॉर्ट करूच देत नाही. मालकाला मात्र कोणतंच लॉक अडवत नाही.

असं झालंय का हे ओळखायला `Data > Protect sheets and ranges` उघडा आणि यादीतल्या एकेका लॉकवर क्लिक करा. शीटमध्ये ती रेंज उजळते. तिच्या डावीकडे A कॉलममध्ये एकाच ब्रँचचं नाव दिसलं पाहिजे. दोन नावं दिसली की समजा, कुणीतरी सॉर्ट मारलंय. बहिणीने व्हर्जन हिस्टरीतून सॉर्टच्या आधीची प्रत परत आणली. त्याआधी मधल्या तासाभरात कुणी काय भरलं ते वहीत उतरवून घ्यायला लावलं, कारण मागे गेलं की त्या नोंदीही जातात.

क्रमाने बघायचंच असेल तर फिल्टर व्ह्यू वापरा. त्यात क्रम फक्त त्या व्ह्यूमध्ये बदलतो, मूळ ओळी जागच्या हलत नाहीत. किंवा वेगळ्या टॅबवर हे टाका (मूळ टॅबचं नाव Data धरलंय):

```
=SORT(Data!A2:E41, 4, FALSE)
```

इथे 4 म्हणजे चौथा कॉलम आणि FALSE म्हणजे उतरता क्रम. या टॅबवर नुसतं बघायचं, भरायचं मूळ टॅबवरच.

आता पहिला मुद्दा. तो जसा लिहिलाय तसा केला तर कुणालाच काही भरता येणार नाही. एका सेलवर दोन लॉक असतील तर दोन्हींची परवानगी लागते, आतलं लॉक बाहेरच्यावर मात करत नाही. पूर्ण शीट लॉक करताना `Except certain cells` वर टिक करून `C2:D41` मोकळं सोडायचं. तो भाग आता सगळ्या एडिटर्सना खुला असतो, म्हणून त्यावर ब्रँचनिहाय चार रेंज लॉक लावायची. `Restrict who can edit this range`, मग `Custom`, आणि यादीत त्या एकाच मॅनेजरच्या नावावर टिक आहे ना ते डोळ्यांनी बघायचं. इतरांच्या टिक राहिल्या तर लॉक नावालाच. मॅनेजरला फाइल एडिटर म्हणून शेअर केलेली हवी, हे वेगळं सांगायला नको. तपासणी मालकाच्या खात्यातून करून उपयोग नाही, ती मॅनेजरच्या खात्यातून करायची.

तिसऱ्या मुद्द्यावर मी वाद घालत नाही, गुगलच्या स्वतःच्या मदत पानावरच लिहिलंय की शीट प्रोटेक्ट करणं हा सुरक्षेचा उपाय म्हणून वापरू नका, लोक तिची प्रिंट काढू शकतात, कॉपी करू शकतात, प्रत बाहेर नेऊ शकतात. लॉक बदलण्यापासून अडवतं, बघण्यापासून नाही. `File > Make a copy` केलं की त्या प्रतीचा मालक तो मॅनेजरच. आकडे खरंच लपवायचे असतील तर प्रत्येक ब्रँचला वेगळी फाइल द्या आणि मुख्य फाइलमध्ये `IMPORTRANGE` ने ओढून घ्या. दिशा तीच ठेवा. उलट केलंत, म्हणजे ब्रँचच्या फाइलने मुख्य फाइलमधून ओढायचं ठरवलंत, तर एकदा परवानगी दिल्यावर त्या फाइलचा कुणीही एडिटर मुख्य फाइलचा कुठलाही भाग ओढू शकतो.

चौथ्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. रेंजच्या मधोमध ओळ घातली तर रेंज वाढते. शेवटच्या ओळीच्या खाली घातली तर ती बाहेर राहते. आणि वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण शीट लॉक असेल तर मॅनेजरला ओळ घालताच येत नाही, घालायची मालकानेच. म्हणून तर बहिणीच्या शीटमध्ये प्रत्येकाला दोन कोऱ्या ओळी आधीपासून ठेवल्या होत्या. आता चार करायला सांगितल्यात, आणि मोठी बाकी बघायला वेगळा टॅब करून दिलाय.