ईएसआर ५८, सीआरपी ४: कोणता खरा?

«न्यूमोनिया बरा झाला, ताप जाऊन १० दिवस झाले. सीआरपी ९६ वरून ४ वर आला, पण ईएसआर अजून ५८. आत संसर्ग उरलाय का?»

बहुधा नाही. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. दाह सुरू झाल्यावर काही तासांत वाढतं, आणि दाह थांबला की साधारण १९ तासांत निम्मं होतं. म्हणून ते आजची स्थिती सांगतं.

ईएसआर हे रक्तातलं एखादं द्रव्य नव्हे, तांबड्या पेशी तासाभरात नळीत किती मिलिमीटर खाली बसतात याचं माप आहे. दाहात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन आणि अँटिबॉडीज वाढल्या की पेशी एकमेकींना चिकटून लवकर बसतात. फायब्रिनोजेन रक्तात काही दिवस टिकतं, अँटिबॉडीज तर आठवडे. त्यामुळे ईएसआर उतरायला कित्येक आठवडे लागू शकतात.

हिमोग्लोबिनही बघा. ते ९ च्या आसपास असेल तर दाह नसतानाही ईएसआर चढतो. (वय आणि गरोदरपणाचंही तसंच.)

मात्र ईएसआर जास्त, सीआरपी कमी ही जोडी दीर्घकाळ तशीच राहिली, सोबत सांधेदुखी किंवा पुरळ असेल, तर ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, तपासावा लागतो. त्यात आजार सक्रिय असूनही सीआरपी अनेकदा फारसं वाढत नाही. वयस्कांत हाडं दुखत असतील तर मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी. आणि ताप परतला, तर आधी सीआरपी पुन्हा करा, ईएसआर नव्हे.