सॅक्युबिट्रिलची गोळी, वाढलेला बीएनपी आणि एक धोकादायक फॉरवर्ड

"हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी महत्त्वाचे! डॉक्टर तुमची वर्षानुवर्षे चालू असलेली रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिलवाली महागडी गोळी देत असतील तर सावध व्हा. त्यात बीपीची जुनीच व्हालसार्टन आहे, फक्त पॅकिंग नवे. ती घेतल्यावर रक्तातला बीएनपी वाढतो, म्हणजे हार्ट आणखी बिघडते. मेंदूवरही परिणाम होतो. घ्यायचीच असेल तर जुनी गोळी बंद करू नका, दोन्ही चालू ठेवा. सर्वांना पाठवा."

शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो. बाकीच्या मजकुराने गैरसमज होतील, पण त्या एका ओळीने माणसाचा घसा सुजून श्वास अडकू शकतो.

आपल्या शरीरात ब्रॅडीकायनिन नावाचं एक लहानसं पेप्टाइड सतत तयार होत असतं. ते रक्तवाहिन्या सैल करतं आणि त्यांतलं पाणी आजूबाजूच्या ऊतींत झिरपू देतं. ते साचू नये म्हणून त्याचे तुकडे करणारी एंझाइम्स आहेत. त्यांतली दोन महत्त्वाची म्हणजे एसीई आणि नेप्रिलायसिन. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल, थोडक्यात नावाचा शेवट 'प्रिल'ने होणाऱ्या गोळ्या, यांतलं पहिलं रोखतात. सॅक्युबिट्रिल दुसरं रोखतं. दोन्ही एकाच वेळी रोखली तर ब्रॅडीकायनिनचा निचरा फारच मंदावतो आणि ओठ, जीभ, घसा सुजण्याची शक्यता वाढते. वैद्यकात याला अँजिओएडीमा म्हणतात. जीभ सुजायला लागली की हातात फार वेळ नसतो.

हे कागदावरचं गणित नाही, ते रुग्णांमध्ये दिसून आलेलं आहे. ओमापॅट्रिलॅट नावाचं औषध एकाच रेणूने एसीई आणि नेप्रिलायसिन दोन्ही रोखत असे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्टेव्ह चाचणीत २५ हजारांहून अधिक बीपीच्या रुग्णांमध्ये त्याची एनालाप्रिलशी तुलना झाली. बीपी छान उतरलं, पण अँजिओएडीमा एनालाप्रिलवर ०.६८ टक्के रुग्णांना झाला, तर ओमापॅट्रिलॅटवर २.१७ टक्क्यांना. ते औषध बाजारात आलंच नाही. म्हणूनच 'प्रिल'ची शेवटची गोळी आणि सॅक्युबिट्रिलची पहिली गोळी यांच्यामध्ये किमान ३६ तास गेले पाहिजेत, आणि उलट बदल करतानाही तेवढेच. ज्यांना पूर्वी कधी 'प्रिल'मुळे ओठ-जीभ सुजली असेल, त्यांना हे औषध द्यायचंच नाही.

आता बीएनपीकडे येऊ. भीती इथूनच सुरू होते, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण रिपोर्टवर आकडा खरंच वाढलेला दिसतो.

हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की हृदय स्वतःच संप्रेरकं सोडतं. वरच्या कप्प्यांतून मुख्यतः एएनपी आणि खालच्या कप्प्यांतून बीएनपी. १९८१ साली कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागलं. या संप्रेरकांचं काम तेच: मूत्रपिंडाकडून सोडियम बाहेर काढून घेणं, रक्तवाहिन्या सैल करणं, मीठ-पाणी धरून ठेवायला लावणाऱ्या रेनिन आणि अल्डोस्टेरॉनला आवर घालणं. पेशींत हा निरोप सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू पोहोचवतो. म्हणजे बीएनपी हा आजार नव्हे, आजारावर शरीराने काढलेला उपाय आहे. तो फक्त पुरा पडत नाही. पुरा न पडण्याचं एक कारण असं की ही संप्रेरकं टिकत नाहीत. एएनपी रक्तात जेमतेम काही मिनिटं राहतं, बीएनपी साधारण २० मिनिटं. काही रेणू एक खास रिसेप्टर गिळून टाकतो, तर काहींचे तुकडे नेप्रिलायसिन करतं.

नळ तेवढाच सोडलेला असताना मोरीचं तोंड अर्धं बुजवलं तर पाण्याची पातळी चढते. सॅक्युबिट्रिल नेमकं हेच करतं. आकडा वाढला तो हृदयाने जास्त सोडलं म्हणून नाही, तर सोडलेलं टिकलं म्हणून.

मग हृदय सुधारतंय की बिघडतंय, हे कसं ओळखायचं? याचं उत्तर त्याच रेणूच्या दुसऱ्या तुकड्यात आहे. हृदयाच्या पेशी आधी १०८ अमिनो आम्लांची एक लांब साखळी बनवतात. ती तुटून ३२ ची बीएनपी आणि ७६ ची एनटी-प्रोबीएनपी असे दोन भाग होतात. दुसरा भाग संप्रेरक म्हणून काहीही काम करत नाही, पण नेप्रिलायसिन त्याला शिवत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्यामुळे सॅक्युबिट्रिल चालू असताना एनटी-प्रोबीएनपी खाली आला तर हृदयाच्या भिंतींवरचा ताण खरंच कमी झालाय असं धरता येतं. बीएनपीवरून तसं म्हणता येत नाही. लॅबच्या कागदावर ही दोन नावं इतकी जवळची दिसतात की घरचे लोक औषधाआधीच्या एका तपासणीची तुलना औषधानंतरच्या दुसरीशी करतात आणि घाबरतात. दोन्ही वेळी एनटी-प्रोबीएनपीच करून घ्या, जमल्यास एकाच लॅबमध्ये. मूत्रपिंड बिघडलं तर हा आकडाही चढतो, म्हणून सोबत क्रिएटिनिन पाहावं लागतं.

खरं तर बीएनपी हे नेप्रिलायसिनचं आवडतं भक्ष्य नव्हेच. त्याला एएनपी अधिक भावतं. त्यामुळे औषध सुरू केल्यावर एएनपीची वाढ बीएनपीपेक्षा बरीच ठळक असते. ते सहसा कुठल्या लॅबमध्ये मोजलं जात नाही, एवढंच.

गोळीत व्हालसार्टन आहे, हे खरं. ते का आहे, हे मात्र फॉरवर्डमध्ये नाही. नेप्रिलायसिन चांगली संप्रेरकं तोडतं तसंच अँजिओटेन्सिन-२ सुद्धा तोडतं, आणि हे रक्तवाहिन्या आवळणारं, मीठ धरून ठेवणारं रसायन आहे. नुसतं नेप्रिलायसिन रोखलं तर दोन्ही बाजू वाढतात आणि फायदा वजा होतो. कँडॉक्सॅट्रिल नावाचं असं एकटं औषध पूर्वी वापरून झालं, ते टिकलं नाही. म्हणजे अँजिओटेन्सिनला अडवणारा जोडीदार लागतोच. एसीई इनहिबिटर, म्हणजे 'प्रिल', जोडला तर घसा सुजण्याचा धोका. व्हालसार्टन अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर झाकतं आणि ब्रॅडीकायनिनच्या तोडणीत हात घालत नाही. म्हणून निवड त्याची.

आणि 'फक्त व्हालसार्टन'च असतं तर निकाल बरोबरीत सुटायला हवा होता. २००३ च्या व्हॅलियंट चाचणीत हार्ट अटॅकनंतर हृदय कमजोर झालेल्या रुग्णांमध्ये व्हालसार्टन आणि कॅप्टोप्रिल साधारण सारखेच ठरले होते. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत तसं झालं नाही. सुमारे ८,४०० रुग्ण, निम्म्यांना एनालाप्रिल १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निम्म्यांना ही गोळी. साधारण २७ महिन्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण एनालाप्रिल गटात २६.५ टक्के होतं, या गटात २१.८. कोणत्याही कारणाने मृत्यू १९.८ वरून १७ टक्क्यांवर आले. एक मर्यादाही सांगायला हवी: मुख्य चाचणीआधी सर्वांना दोन्ही औषधं एकामागून एक काही आठवडे देऊन पाहिली होती आणि साधारण पाचातला एक त्या टप्प्यावरच गळाला. म्हणजे हा फायदा ज्यांना औषध सोसलं त्यांच्यातला आहे.

त्यामुळे कोणाला द्यायचं हा प्रश्न उरतोच. समजा ६२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या खालच्या कप्प्यातलं जेवढं रक्त बाहेर फेकलं जातं ते प्रमाण, ३० टक्के, जिना चढताना धाप लागते. एनालाप्रिल ५ मिलिग्रॅम दोनदा आणि लघवीची एक गोळी चालू आहे. वरचं बीपी ११२, क्रिएटिनिन १.२, पोटॅशियम ४.६. चाचणीत आलेल्या रुग्णांसारखेच हे रुग्ण: फ्रॅक्शन ४० च्या खाली, बीपी १०० च्या वर, मूत्रपिंड ठीक. एनालाप्रिलची शेवटची गोळी सोमवारी रात्री आठला घेतली, तर मंगळवार पूर्ण रिकामा जाईल आणि नवी गोळी बुधवारी सकाळी आठला. आधीचा डोस कमी होता, म्हणून सुरुवात ५० मिलिग्रॅम दोनदा. पाकिटावर हेच २४ अधिक २६ असं लिहिलेलं असतं. एक-दोन आठवड्यांनी बीपी, क्रिएटिनिन, पोटॅशियम. सोसलं तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने १०० आणि मग २००.

दहाव्या दिवशी ते म्हणतात, उठताना अंधारी येते. बीपी ९८. पायावर सूज नाही, वजन दोन किलो उतरलंय. अशा वेळी ही गोळी लगेच बंद करण्याऐवजी आधी लघवीच्या गोळीचा डोस कमी करता येतो, कारण आता मीठ-पाणी काढायला दोन औषधं लागली आहेत. हे डॉक्टरांनीच ठरवायचं. चाचणीतही लक्षणं देणारं कमी बीपी या गोळीवर अधिक होतं, १४ टक्के विरुद्ध ९.२. महिन्याने त्यांचा बीएनपी ३१० वरून ३७० झाला आणि एनटी-प्रोबीएनपी १,९०० वरून १,२५०, तर मी ही सुधारणाच मानेन. बीपीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन लिहून दिलं असेल तर तेही थांबवावं लागतं. त्याला ३६ तासांचं बंधन नाही, पण व्हालसार्टनवर आणखी एक 'सार्टन' नको.

ज्यांचं फ्रॅक्शन ४५ च्या वर होतं, त्यांच्यात २०१९ च्या पॅरागॉन-एचएफ चाचणीत फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. ताज्या अटॅकनंतरच्या रुग्णांत २०२१ च्या पॅराडाइज-एमआय चाचणीत रॅमिप्रिलवर मात करता आली नाही. गरोदरपणात आणि गंभीर यकृतविकारात ती देत नाहीत.

मेंदूची शंका हवेतून आलेली नाही. नेप्रिलायसिन अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइडचेही तुकडे करतं, म्हणून संशोधकांनीच ती आधी उपस्थित केली. पर्स्पेक्टिव्ह चाचणीत ४० च्या वर फ्रॅक्शन असलेल्या सुमारे ६०० रुग्णांची स्मरण आणि आकलनाची तपासणी तीन वर्षं केली गेली. नुसत्या व्हालसार्टनच्या तुलनेत घसरण जास्त दिसली नाही. तीन वर्षांपुरतं हे उत्तर पुरेसं स्पष्ट आहे.

राहिला पैसा. जानेवारी २०२३ मध्ये भारतातलं मूळ पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. तरीही काही घरांना ती झेपत नाही. अशांनी लाजू नये, डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. अमेरिकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही ही गोळी देणं शक्य नसेल तिथे एसीई इनहिबिटरच द्यायला सांगितलंय, आणि पूर्ण डोसचं एनालाप्रिल आजही जीव वाचवतं. चुकीचा मार्ग तो, जो ओपीडीत वारंवार दिसतो: पाकीट दुप्पट दिवस पुरावं म्हणून दोनऐवजी एकच गोळी घेणं. तिचा असर दिवसभर पुरत नाही. उरलेल्या तासांत हृदयाला ना नवं औषध मिळतं, ना जुनं.